प्रेक्षक आणखी काय पाहतात आणि प्रेक्षक कुठून येतात

यूट्यूब स्टुडिओमध्ये इतरांच्या व्हिडिओंची नावे दोन ठिकाणी दिसतात, आणि नवा विषय शोधणारे अनेकजण नेमकी चुकीची यादी उघडून बसतात. Analytics मधील Audience या विभागात आपले प्रेक्षक आपल्या चॅनेलबाहेर कोणते चॅनेल आणि कोणते व्हिडिओ पाहतात ते दिसते. एखाद्या व्हिडिओच्या Reach विभागातील Suggested videos ही यादी मात्र कोणत्या व्हिडिओशेजारी आपला व्हिडिओ सुचवला गेला आणि तिथून किती जण आले व सरासरी किती वेळ थांबले, एवढेच सांगते. पहिली यादी आवडीची आहे, दुसरी वाटेची. दुसऱ्या यादीत आपलेच जुने व्हिडिओही असतात. त्यामुळे तिच्यावरून विषय ठरवला, तर आपण बहुतेक वेळा केलेलेच पुन्हा करतो.

समजा, लातूर जिल्ह्यातील एकाचे सोयाबीनवर चॅनेल आहे. त्याच्या वाटेच्या यादीत फवारणीचे आणि बाजारभावाचे व्हिडिओ आहेत, आणि ते अपेक्षितच आहे. आवडीच्या यादीत कीर्तन, बातम्या, विनोदी व्हिडिओ आणि शेळीपालनाचे दोन व्हिडिओ आहेत. पहिल्या तीन गोष्टी मराठवाड्यातील जवळजवळ कुणाच्याही यादीत सापडतील, कारण त्या सगळेच पाहतात. त्यांतून सोयाबीनच्या प्रेक्षकाबद्दल वेगळे काही कळत नाही. शेळीपालन तसे नाही. माझ्या मते कामाची खूण हीच, पण एका दिवसाच्या यादीवर विसंबू नये. यादी बदलत राहते, म्हणून दर आठवड्याला ती वहीत उतरवावी, आणि तोच विषय वेगवेगळ्या चॅनेलांच्या नावाने तीन-चार आठवडे येत राहिला तरच तो खरा धरावा.

त्यानंतरही शेळीपालनाचा साधा व्हिडिओ करू नये, कारण तो त्या प्रेक्षकांना दुसरीकडे आधीच मिळतो. मळणीनंतर उरणारी सोयाबीनची गुळी शेळ्यांना कशी आणि किती द्यावी, हा विषय मात्र दोन्ही आवडी जिथे जुळतात तिथला आहे आणि तो याच चॅनेलला शोभतो.

आवडीच्या यादीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. आपल्या प्रेक्षकांपैकी किती टक्के लोक शेळीपालन पाहतात, हे ती सांगत नाही. आणि चॅनेल लहान असेल तर पुरेशा माहितीअभावी ती रिकामीच दिसते. अशा वेळी प्रतिक्रियांमधील प्रश्न वाचणे हाच मार्ग उरतो.

वाटेची यादी व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यानंतर उपयोगी पडते. गुळीचा व्हिडिओ शेळीपालनाच्या व्हिडिओंशेजारी सुचवला गेला, पण तिथून आलेले लोक सरासरी अर्ध्या मिनिटात निघून जात असतील, तर शीर्षकाने शेळीपालनाचे आश्वासन दिले आणि सुरुवात सोयाबीनच्या मळणीत अडकली, असे समजावे. जुने प्रेक्षक शेवटपर्यंत थांबले असतील, तर विषय बरोबर होता आणि फक्त सुरुवात बदलायची आहे.