न्यायालयीन नोटिशीच्या फोटोवरून अरबी भाषांतर

मुंबईतल्या न्यायालयातून आलेली नोटीस किंवा समन्स मोबाइलवर टिपून अरबी वाचणाऱ्या नातेवाइकाला किंवा पक्षकाराला समजेल अशा रूपात देण्याचे हे काम आहे. कोकणी मुसलमान कुटुंबांची एक पाती मुंबईत आणि दुसरी आखातात वाढलेली असते, आणि तिकडे जन्मलेल्या पिढीतल्या काहींना मराठी किंवा इंग्रजी नीट वाचता येत नाही. अशा घरांत हे काम वारंवार निघते. असे भाषांतर समजून घेण्यासाठी आणि वकिलाशी बोलण्यासाठी पुरते. कोणत्याही न्यायालयात ते कागद म्हणून चालत नाही.

उदाहरणासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. माझगावच्या चाळीतला भाडेकरू वारला. घरमालकाने धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जागा खाली करून मिळण्याचा दावा लावला आणि मृताच्या मुलांना प्रतिवादी केले. एक मुलगी मस्कतला असते. तिच्या नावाचे समन्स भावाने चाळीत घेतले आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला.

पहिली अडचण फोटोचीच आहे. समन्सची घडी नेमकी तारखेवरून जाते, न्यायालयाचा गोल शिक्का दावा क्रमांकावर बसतो, आणि व्हॉट्सॲपने आकुंचित केलेल्या चित्रात हाताने लिहिलेला आकडा पुसट होतो. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात चारही कोपरे दिसतील असा फोटो काढावा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मागची बाजूही घ्यावी. बेलिफाचा शेरा आणि बजावणीची तारीख बहुधा तिथेच असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. दावा अर्जाची प्रत सोबत जोडलेली असेल तर तीही हवी, कारण समन्सच्या छापील नमुन्यात भांडण कशाचे आहे हे क्वचितच कळते.

भाषांतरापूर्वी मूळ मजकूर जसाच्या तसा टंकून घ्यावा. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज घालू नये, चौकटी कंसात ‘अवाच्य’ लिहावे आणि अरबीतही तिथे ‘गैर मक्रू’ हीच नोंद ठेवावी. आकड्यांबाबत धोका अधिक आहे. देवनागरी शून्य अरबी वाचकाला पाच वाटतो, कारण अरब देशांत चालणारा पाचाचा अंक वाटोळा असतो आणि शून्य हा नुसता ठिपका. देवनागरी एक त्याला नऊसारखा दिसतो. म्हणून मराठी अंक चित्रासारखे उचलून अरबी मजकुरात डकवले तर दहा तारखेची पंचाण्णव होते. तारीख अंकांबरोबर महिन्याचे नाव लिहून द्यावी आणि ती इसवी सनाची असल्याचे नमूद करावे. दावा क्रमांक आणि वर्ष यांच्यामध्ये तिरपी रेघ असते, त्यांचा क्रम उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत उलटू शकतो आणि वर्ष आधी वाचले जाते. क्रमांक स्वतंत्र ओळीवर ठेवला की हा धोका कमी होतो. शंका राहिलीच तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर प्रकरणाच्या १६ अक्षरांच्या सीएनआर क्रमांकावरून पुढची तारीख ताडून पाहता येते.

आता शब्द. न्यायालयाचे नाव भाषांतरित करू नये. लघुवाद न्यायालयाला अरबीत ‘लहान दाव्यांचे न्यायालय’ म्हटले की वाचकाला किरकोळ रकमेचा वाद वाटतो. प्रत्यक्षात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालचे मुंबईतले जागा खाली करण्याचे दावे तिथेच चालतात, घर कितीही मोलाचे असो. मूळ नाव अरबी लिपीत लिहून पुढे एका ओळीत खुलासा द्यावा. वकिलाने पाठवलेली नोटीस आणि न्यायालयाची नोटीस यांना एकच शब्द वापरणे तितकेच घातक आहे. पहिली अरबीत ‘इन्ज़ार’, दुसरी ‘इअलान’, सौदीत ‘तब्लीग’. न्यायालयीन कागदावर ‘इन्ज़ार’ आले तर वाचणारा तो धमकीचा कागद समजून बाजूला ठेवतो.

समन्समधले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे असते: ‘जातीने किंवा वकिलामार्फत हजर राहावे, न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत दाव्याची सुनावणी होऊन निकाल दिला जाईल.’ यातला ‘किंवा’ गळला तर मस्कतची मुलगी विनाकारण विमानाचे तिकीट काढते. दुसऱ्या भागासाठी ‘गियाबी निकाल’, म्हणजे गैरहजेरीतला निकाल, ही तयार अरबी संज्ञा मोहात पाडते, पण ती टाळलेली बरी. काही अरब देशांच्या प्रक्रियेत समन्स स्वतःच्या हाती पडूनही पक्षकार आला नाही तर निकाल ‘हुदूरी’, म्हणजे हजेरीतला, धरला जातो आणि अपिलाचा मार्ग बदलतो. आपल्याकडची ‘एकतर्फी’ कारवाई या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. संज्ञेऐवजी पूर्ण वाक्य लिहावे: तुम्ही आला नाहीत तर दावा तुमच्या गैरहजेरीत ऐकला जाईल आणि निकाल दिला जाईल.

याच प्रकरणात सर्वांत फसवा शब्द ‘कायदेशीर वारस’ हा आहे. इंग्रजी नमुन्यात जो ‘लीगल रिप्रेझेंटेटिव्ह’ असतो त्याची व्याख्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(११) मध्ये आहे, आणि मृताच्या मालमत्तेत हात घालणारा माणूसही तीत येतो. अरबी ‘वरसा’ म्हणजे शरियतप्रमाणे हिस्सा असलेले वारस. तो शब्द वापरला तर न्यायालयाने मुलीचा हिस्सा मान्य केला असा अर्थ घरात पसरतो आणि भावंडांत नवे भांडण उभे राहते. इथे मृताच्या मालमत्तेचा ‘कायदेशीर प्रतिनिधी’ या अर्थाची अरबी रचना घ्यावी.

मुदतीच्या बाबतीत भाषांतरकाराने कागदाबाहेर जाऊ नये. संहितेत कैफियत देण्यासाठी सर्वसाधारणपणे समन्स बजावल्यापासून ३० दिवस आहेत, न्यायालयाने कारण नोंदवून वाढवले तर ९० पर्यंत. पण समन्सवर जे लिहिले आहे तेच भाषांतरात यावे आणि बाकीचे वकिलाने सांगावे. समन्स भावाच्या हाती देणे ही बजावणी ठरते का, हाही वकिलाचा प्रश्न आहे.

शपथबद्ध भाषांतरकार लागतो तो हा कागद दुसऱ्या कचेरीत दाखल करताना. भारतात युरोपातल्या काही देशांसारखी शपथबद्ध भाषांतरकारांची नोंदवही नाही. नोटरी अधिनियम, १९५२ च्या कलम ८ नुसार नोटरी भाषांतर करू किंवा पडताळू शकतो, मात्र अरबी न जाणणाऱ्या नोटरीचा शिक्का म्हणजे बहुधा भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्राची साक्ष, मजकुराची हमी नव्हे. मस्कतच्या न्यायालयात दाखल करायचे असेल तर तिथला परवानाधारक कायदा-भाषांतरकार गाठावा, आणि त्याच्यापुढे फोटो नव्हे, न्यायालयाच्या नक्कल विभागातून घेतलेली प्रमाणित प्रत ठेवावी. अपोस्टील म्हणजे सरकारी कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून त्यावर दिलेले प्रमाणपत्र. ओमान आणि भारत दोघेही अपोस्टील करारात असल्याने त्या प्रतीवर ते घेता येते. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही, तिथे वकिलातीचे साक्षांकन लागते.

उलट दिशेलाही हीच अट आहे. मुलीने मस्कतच्या नोटरीपुढे अरबीत भावाच्या नावे मुखत्यारपत्र केले तर त्यावर तिथले अपोस्टील आणि सोबत प्रमाणित इंग्रजी किंवा मराठी भाषांतर हवे. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. भारतीय दूतावासात इंग्रजीत मुखत्यारपत्र केले तर अरबीचा टप्पा वाचतो, मुद्रांकाचा नाही.