कर्जखाते बंद करून मूळ कागदपत्रे परत मागण्याचा तेलुगू अर्ज : ग्राहकांसाठी माहिती

निजामाबाद, आदिलाबाद किंवा हैदराबाद येथे घर असलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे गृहकर्ज तेथील बँकेच्या शाखेत असते. कर्ज फिटत आले की शाखेत द्यायचा अर्ज आमचे कार्यालय तेलुगूत लिहून देते. इंग्रजी अर्जही बँक घेतेच. परंतु सहकर्जदार तेलुगूच वाचत असतील तर, आपण कशावर सही करत आहोत हे त्यांना कळावे, म्हणून तेलुगू अर्ज आम्हाला अधिक योग्य वाटतो. ज्यांना तेलुगू वाचता येत नाही त्यांनीही सहीपूर्वी त्यात काय लिहिले आहे हे जाणून घ्यावे, यासाठी हे पत्रक आहे.

अर्ज ‘ब्रांच मॅनेजर गारिकि’ असा शाखाधिकाऱ्यांना उद्देशून असतो आणि मुख्य मागणी एका वाक्यात येते : ‘ना रुण खातानु मूसिवेसि, नेनु तनखा पेट्टिन आस्ति असलु पत्रालनु तिरिगि इव्ववलसिंदिगा कोरुतुन्नानु.’ म्हणजे, माझे कर्जखाते बंद करून मी तारण ठेवलेल्या मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत द्यावीत, ही विनंती. या वाक्याच्या आधी कर्जखाते क्रमांक, कर्जदार व सहकर्जदारांची खरेदीखतातील नावे आणि रक्कम भरल्याची तारीख असावी लागते.

अर्जापूर्वी शाखेकडून अखेरची थकबाकी लेखी घ्यावी आणि ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे नीट पाहावे. समजा, बाकी मुद्दल 2,40,000 रुपये असून व्याजदर 9 टक्के आहे. तर रोजचे व्याज सुमारे 59 रुपये होते. 15 तारखेचा आकडा घेऊन 20 तारखेला तीच रक्कम भरली, तर जवळपास 296 रुपये शिल्लक राहतात आणि खाते बंद होत नाही. आपण मात्र कर्ज फिटले असे समजून कागदपत्रांची वाट पाहत बसतो. म्हणून रक्कम भरल्यावर शिल्लक शून्य दाखवणारा खातेउतारा घेऊन तो अर्जाला जोडावा, आणि हप्त्याची स्वयंचलित कपात थांबवण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही. थकबाकीच्या पत्रात तसा आकार दिसल्यास पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

अर्जाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कागदपत्रांची यादी. नुसते ‘सर्व कागदपत्रे’ असे आम्ही कधीच लिहीत नाही. कर्ज घेताना बँकेने दिलेल्या पोचपावतीवरून खरेदीखताचा दस्त क्रमांक व वर्ष, त्याआधीच्या मालकांची जोडखते आणि पानांची संख्या अशी एकेक नोंद आम्ही करतो. परत घेताना काउंटरसमोरच प्रत्येक पान मोजावे, दुय्यम निबंधकांचा मूळ शिक्का पाहावा आणि मगच प्राप्तीच्या कागदावर सही करावी. मूळ खताऐवजी प्रमाणित प्रत हाती आली, तर ती फरकाची नोंद लिहूनच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशानुसार, गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जाची पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत केली पाहिजेत आणि नोंदवलेला बोजा काढला पाहिजे. विलंब बँकेमुळे झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ज 10 जूनला पूर्ण फिटले आणि कागदपत्रे 22 जुलैला मिळाली, तर 10 जुलैनंतरच्या 12 दिवसांचे 60,000 रुपये होतात. कागदपत्रे हरवली असतील, तर त्यांच्या प्रती मिळवून देण्यास मदत करणे आणि खर्च सोसणे ही बँकेची जबाबदारी आहे. अशा वेळी बँकेला आणखी 30 दिवस मिळतात. व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाला मात्र हा आदेश लागू होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घ्यावा. बँकेकडे लेखी तक्रार करूनही 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर cms.rbi.org.in येथे लोकपालांकडे जाताना ही प्रत आणि शून्य शिल्लकीचा उतारा हेच आपले पुरावे ठरतात.

कागदपत्रे हाती आली तरी एक काम उरू शकते. तारणाचा करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला असल्यास, तो बोजा उतरल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. अन्यथा तेलंगणात ‘ईसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोजा प्रमाणपत्रात जुने तारण दिसतच राहते आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील तेथेच अडतो. म्हणून ही विनंती अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात आम्ही स्वतंत्रपणे लिहितो, आणि नोंदणीनंतर नवीन ईसी काढून ती परत मिळालेल्या खरेदीखतासोबत ठेवण्यास सांगतो.