मॅक्स टच, ऑरेंज, हच, वोडाफोन: सिम तेच, पाटी बदलत गेली

नाव बदललं की जुना गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतो, माझा नंबर राहणार ना? मुंबईतल्या एकाच मोबाईल कंपनीच्या लोकांवर हा प्रश्न 2007 पर्यंत तीनदा आला. 1995 ला ते मॅक्स टच घेऊन सुरू झाले, 2000 मध्ये त्याचं ऑरेंज झालं, आणि 2005 मध्ये हच, कारण ऑरेंज हे नाव जगभरात तोवर फ्रान्स टेलिकॉमचं झालं होतं, मालकीचं नसलेलं नाव किती दिवस मिरवणार.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट 2007 ची. वोडाफोनने हचिसनचा भारतातला हिस्सा सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतला. पैसे दिले म्हणजे गिऱ्हाईक मनाने आला असं थोडीच असतं. आणि लोकांच्या मनात हच म्हणजे टॉवर नव्हताच, तो होता पोराच्या मागे मागे फिरणारा पग, 2003 पासूनचा, ओगिल्वी या जाहिरात कंपनीने केलेला. तर त्यांनी कुत्रा ठेवला आणि फक्त घर बदललं. जाहिरातीत पग बाहेरून फिरून येतो, बघतो तर गुलाबी घराच्या जागी लाल घर, आणि तो आरामात आत जातो. खाली ओळ, ‘चेंज इज गुड. हच इज नाऊ वोडाफोन.’ मला यात आवडतं ते म्हणजे जुनं नाव लपवलं नाही, वाक्यात ते आधी आलं, मग नवीन.

सप्टेंबरात हे सुरू झालं तेव्हा स्टारच्या चॅनेल्सवर चोवीस तास जाहिराती फक्त यांच्याच. थोडं अतीच, पण एका दिवसात सगळ्यांना एकच गोष्ट कळली, दुकानाची पाटी लाल का झाली हे गल्लीतल्या रिचार्जवाल्याला समजावत बसावं लागलं नाही.

गोची व्हायची ती फोनच्या स्क्रीनवर. नेटवर्कचं नाव बऱ्याचदा सिममध्ये किंवा हँडसेटमध्ये साठवलेलं असतं, फोन टॉवरकडून कोड वाचतो (मुंबईसाठी 404 20) आणि त्यासमोर लिहिलेलं नाव दाखवतो, म्हणून जुन्या फोनवर पाटी बदलल्यावरही जुनंच नाव दिसू शकतं. असं असताना बिल लाल, स्क्रीनवर हच, आणि माणूस घाबरून कस्टमर केअरला फोन लावणार, म्हणून सिम बदलायची गरज नाही हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

अजून एक, 2007 ला लोक रागावले असते तरी नंबर घेऊन जाणार कुठे, पोर्टिंग देशभर आलं जानेवारी 2011 ला. सप्टेंबर 2020 मध्ये वोडाफोन आणि आयडिया मिळून ‘Vi’ झालं तेव्हा ही सोय होती, वर दोन वेगळ्या कंपन्यांचे गिऱ्हाईक एकत्र आणायचे होते, आणि दोघांनाही ओळखीचा वाटेल असा एक कुत्रा काही नव्हता. या नव्या नावाचा उच्चार वी आहे की व्हीआय यावरच आमच्याकडे आधी वाद झाला.

पग दिसला की मात्र आजही कोणीतरी म्हणतंच, अरे हा हचवाला कुत्रा.