थिसिसमध्ये मत टाकलं की मार्क कटतात?

"दादा, निबंधाचा थिसिस, म्हणजे मुख्य दावा, न्यूट्रल ठेवायचा, आपलं मत टाकलं की मार्क कटतात म्हणतात, खरं आहे का?"

नाही भाऊ, कटतात ते आधार नसलेल्या मताचे. नागपुरातल्या पोट्ट्यांना हे वर्षानुवर्षं कोण सांगत आलंय काय माहीत.

विदर्भासकट सगळ्या मराठी भागांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेला 1953 चा नागपूर करार घे. 'या कराराचे विदर्भावर अनेक परिणाम झाले' याला नाही कोण म्हणेल? म्हणजे हा थिसिस नाहीच, नुसती विषयाची पाटी आहे. आता हे बघ: 'करारातलं दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन घ्यायचं वचन बहुतेक वर्षं टिकलं कारण ते सगळ्यांना दिसतं, लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन वादात अडकलं कारण ते नुसत्या हिशोबात दिसतं.' यावर कोणी म्हणेल की छे, कारण दिसणं नाही, मुंबईचं राजकारण आहे. म्हणजे जमलं, वाद घालता येतो.

पुढे मुलं घसरतात. दुसरा पॅरा 'अधिवेशन हिवाळ्यात असतं' असा सुरू होतो आणि मग मोर्चे, ट्रॅफिक, तर्री पोहे... त्यापेक्षा 'अधिवेशन चुकलं तर त्याच दिवशी बोंब होते, म्हणून ते टाळणं अवघड' असं सुरू कर, मोर्चे मग पुरावा म्हणून येतात. खर्चाच्या पॅऱ्यात आकडे कोण कसे मोजतो यावरचं भांडण दाखव, आणि राजकारणवाल्याला एक पॅरा देऊन उत्तर दे.

तपासायचं असेल तर फक्त प्रत्येक पॅऱ्याचं पहिलं वाक्य सलग वाच, जिथे 'दिसणं' हा धागा सुटतो तो पॅरा परत लिही नाहीतर उडव.