एका चलनातली दरवाढ, सगळीकडची सवलत बंद

छोट्या गेमची किंमत ठरवणारे बरेच जण डॉलरचा आकडा घट्ट करतात आणि बाकीच्या चलनांतल्या किमती स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरच्या शिफारशीवर सोडून देतात. ती शिफारस कशी घडली आणि किती बदलली, हे ठाऊक असेल तर त्यातला धोका लक्षात येतो.

डिसेंबर 2008 मध्ये स्टीमवर युरो आणि पौंडात किमती दिसू लागल्या. तेव्हा अनेक गेमना डॉलरचाच आकडा युरोत लावला गेला. युरो डॉलरपेक्षा महाग असल्याने युरोपातले ग्राहक चिडले, आणि ते बरोबरच होते. पुढे स्टीमवरच्या चलनांची संख्या वाढत गेली, आणि विनिमय दरापेक्षा लोकांच्या खिशाला काय झेपेल याचा विचार होऊ लागला. पण काही देशांत चलन इतक्या वेगाने घसरले की ठरवलेली किंमत थोड्याच काळात नाममात्र उरे. दुसऱ्या देशांतले लोकही तिथले असल्याचे भासवून खरेदी करत. म्हणून 2021 मध्ये खात्याचा देश बदलण्यावर तीन महिन्यांची मर्यादा आली. ऑक्टोबर 2022 मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कस्तानसाठीच्या शिफारशी अनेक पटींनी वाढल्या. 20 नोव्हेंबर 2023 पासून तर या दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद होऊन डॉलर आला. ज्यांनी तिथली वेगळी किंमत भरली नाही, त्यांच्या गेमला तिथे थेट अमेरिकेतली किंमत लागली.

सवलतीचे नियम याच किमतींवर उभे आहेत. मार्च 2022 मध्ये दोन सवलतींमधले सक्तीचे अंतर सहा आठवड्यांवरून 28 दिवसांवर आले, ते सोयीचेच झाले. मोठ्या हंगामी सेलना हे अंतर लागू नाही. पण कोणत्याही एका चलनात किंमत वाढवली की साधारण महिनाभर गेमवर सवलत देता येत नाही, आणि ही बंदी सगळ्या चलनांना लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुणी एका चलनातली जुनी किंमत सुधारली आणि उन्हाळी सेल महिनाअखेरीस सुरू झाला, तर सेलचे पहिले दिवस जगभर हातचे जातात. अशी दुरुस्ती सेल संपल्यावर लगेच करावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. सवलतीची टक्केवारी सर्व देशांत एकच असते. समजा गेम 9.99 डॉलरचा आहे आणि एखाद्या देशात तो 3 डॉलरच्या तोडीच्या किमतीला ठेवला आहे. 75 टक्के सवलतीत तिथे 75 सेंट उरतात. स्टोअरचे 30 टक्के गेल्यावर हातात साधारण 52 सेंट येतात, कर वेगळाच. पहिल्या वर्षी 20 टक्क्यांनी सुरुवात केली तरी गेम विशलिस्टमध्ये ठेवलेल्या लोकांना सवलतीची मेल जाते. तेव्हा 75 टक्क्यांची पायरी दोन-तीन वर्षांनी गाठली तरी चालते, आणि त्याआधी प्रत्येक चलनातला सवलतीनंतरचा आकडा लिहून पाहता येतो.