सरकारचा हात सैल, बँकेचा आवळलेला: १९८०च्या दशकातला महाग डॉलर

१३ ऑगस्ट १९८१ रोजी रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकेतल्या मोठ्या करकपातीच्या कायद्यावर सही केली. वैयक्तिक प्राप्तिकराचे दर तीन टप्प्यांत सुमारे २३ टक्क्यांनी उतरणार होते, सर्वांत वरचा दर ७० वरून ५० टक्क्यांवर येणार होता आणि त्याच वेळी संरक्षणखर्च वाढायचा होता. त्या महिन्यात अमेरिकी बँका एकमेकींना रात्रभरासाठी पैसे द्यायच्या तो दर होता सुमारे १८ टक्के. तो इतका चढला होता कारण पॉल व्होल्कर प्रमुख असलेल्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ऑक्टोबर १९७९ पासून पैशाचा पुरवठा आवळून धरला होता. १९८० साली तिथली महागाई सरासरी साडेतेरा टक्के होती आणि ती मोडायचीच असा व्होल्कर यांचा निश्चय होता.

सरकार खर्चाला सैल सोडतेय आणि मध्यवर्ती बँक पतधोरण आवळतेय, अशा जोडीचे वर्णन करताना हमखास म्हटले जाते की एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. ही उपमा अर्धीच बरोबर आहे. गाडीत हे दोन्ही जोर एकमेकांना खातात. अर्थव्यवस्थेत उत्पादनाच्या बाबतीत तसे होते खरे, पण व्याजदराच्या बाबतीत दोन्ही पाय एकाच दिशेला रेटतात. सरकार तूट भरून काढायला जास्त रोखे विकते, म्हणजे कर्जाची मागणी वाढते. बँक पैशाचा पुरवठा रोखते, म्हणजे कर्ज देणाऱ्यांकडे पैसा कमी. दोन्हींचा परिणाम एकच: पैसा महाग. या मिश्रणात व्याजदर चढणार हे आधीच सांगता येते. उत्पादन वाढेल की घटेल, हे मात्र कोणाचा जोर जास्त आणि कोणाचा आधी, यावर ठरते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. सरकारने करकपात आणि खर्च मिळून बाजारात १२० रुपयांची नवी मागणी ओतली. समजा, व्याजदर एक टक्क्याने चढला की ४० रुपयांची मागणी आटते. त्यातले २० घरबांधणी, मोटारी आणि कारखान्यांची यंत्रे यांतून जातात, कारण या गोष्टी कर्जावर घेतल्या जातात. उरलेले २० परदेश व्यापारातून जातात: व्याज चढले की परदेशी पैसा आत येतो, चलन महाग होते, निर्यात घटते आणि आयात वाढते. बँकेने व्याजदर तीन टक्क्यांनी चढू दिला, तर १२० आले आणि १२० गेले. एकूण उत्पादन जागच्या जागी. पण आतून सगळे बदललेले असते. करकपात मिळालेल्या कुटुंबांचा आणि सरकारी कंत्राटदारांचा वाटा १२० ने वाढला, बांधकाम व यंत्रांचा ६० ने घटला आणि निर्यात-आयातीची बाजू ६० ने खचली. एकूण उत्पादनाचा आकडाच पाहणाऱ्याला हे दिसतच नाही.

अमेरिकेत दोन्ही बाजूंचे जोर एकाच वेळी लागले नाहीत. आवळलेल्या पैशाचा फटका लगेच बसला. करकपात मात्र हप्त्याहप्त्याने आली: ऑक्टोबर १९८१ मध्ये पहिला लहान टप्पा, मग जुलै १९८२ आणि जुलै १९८३. त्यामुळे सुरुवातीची फेरी व्होल्कर यांनी जिंकली. ऑक्टोबर १९८१ मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला. १९७८ साली वीस लाख नव्या घरांची कामे सुरू झाली होती, १९८२ मध्ये जेमतेम साडेदहा लाख. बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून लाकडी फळ्यांचे तुकडे थेट फेडरल रिझर्व्हला टपालाने पाठवले. १९८२ मध्ये उत्पादन सुमारे १.८ टक्क्यांनी घटले आणि वर्षअखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली.

१९८२च्या उन्हाळ्यात फेडरल रिझर्व्हने पकड ढिली करायला सुरुवात केली आणि वर्ष संपेपर्यंत अल्पमुदतीचा दर ९ टक्क्यांच्या आसपास आला. तोवर करकपातीचा मुख्य भाग लोकांच्या हातात पडू लागला होता. पारडे फिरले. १९८४ मध्ये उत्पादन सात टक्क्यांहून जास्त वाढले. केंद्र सरकारची तूट १९८१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के होती, ती १९८३ मध्ये सहा टक्क्यांजवळ गेली. मधल्या काळात काही कर पुन्हा वाढवूनही १९८५ मध्ये ती पाच टक्के उरलीच.

इथे एक चूक सहज होते. व्याजदर १८ वरून ९ वर आला म्हणजे पतधोरण सैल झाले, असे वाटते. पण कर्ज काढणाऱ्याला खरा भार किती, हे व्याजातून महागाई वजा केल्यावर कळते. १९८४ मध्ये अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर सरासरी १२.४ टक्के परतावा होता आणि महागाई होती ४.३ टक्के. म्हणजे खरा व्याजदर आठ टक्क्यांच्या घरात. भरभराटीच्या वर्षात एवढा चढा खरा दर टिकतो, तेव्हा नुसते आवळलेले पतधोरण हे कारण पुरत नाही. मोठी तूट आणि ती पुढेही राहणार ही अपेक्षा, हेही कारण असते.

आता डॉलर. खरा व्याजदर दुसऱ्या देशापेक्षा जास्त असेल तर चलन किती महाग व्हावे? याचा एक सुटसुटीत हिशेब आहे. समजा, दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यावर जर्मन रोख्यापेक्षा दरवर्षी तीन टक्के खरे व्याज जास्त मिळते. मग सगळे गुंतवणूकदार डॉलरकडे धावतील. हा ओघ थांबेल कधी? पुढच्या दहा वर्षांत डॉलर दरवर्षी साधारण तीन टक्क्यांनी घसरेल आणि व्याजातला फायदा त्यातच जिरेल, असे त्यांना वाटू लागेल तेव्हा. दरवर्षी तीन टक्के घसरून दहा वर्षांनी नेहमीच्या पातळीला यायचे, तर आज डॉलर त्या पातळीच्या सुमारे ३४ टक्के वर असायला हवा, कारण १.०३ ला दहा वेळा गुणले की १.३४ येते. थोडक्यात, वर्षाला तीन टक्क्यांचा किरकोळ वाटणारा फरक आजच्या विनिमय दरात एक तृतीयांशाची उडी मारायला लावतो, आणि पुढे घसरण होणार हे त्या उडीतच लिहिलेले असते.

प्रत्यक्षात १९८० मध्ये डॉलरला सरासरी १.८२ जर्मन मार्क पडायचे. फेब्रुवारी १९८५च्या अखेरीस ३.४० च्या वर. अमेरिकेत बनलेल्या एक लाख डॉलरच्या यंत्राची किंमत कारखान्याने एक सेंटही वाढवली नाही असे धरले, तरी जर्मन ग्राहकाला १,८२,००० मार्कांचे यंत्र ३,४०,००० ला पडू लागले. मातीकामाची यंत्रे बनवणाऱ्या कॅटरपिलरला १९८२, ८३ आणि ८४ अशी सलग तीन वर्षे तोटा झाला. मंदी आणि संप ही कारणे होतीच, पण जपानी कोमात्सुशी स्पर्धा करताना स्वस्त येनने तिला बेजार केले. अमेरिकेच्या चालू खात्यात, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यापार आणि उत्पन्नाच्या हिशेबात, १९८१ मध्ये किंचित शिल्लक होती. १९८५ मध्ये तिथे शंभर अब्ज डॉलरहून मोठी तूट होती, राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांजवळ.

हा आकडा आणि सरकारी तुटीतली वाढ साधारण सारख्या मापाच्या आहेत, आणि त्यामागे साधे जमाखर्चाचे गणित आहे. सरकार जास्त उसने घेते तेव्हा तो पैसा तीनच ठिकाणांहून येऊ शकतो: लोकांनी जास्त बचत करावी, खासगी गुंतवणूक कमी व्हावी किंवा परदेशातून यावा. अमेरिकी कुटुंबांनी बचत वाढवली नाही. मग बाकीचा भार बराचसा परदेशी पैशावर पडला, आणि परदेशी पैसा आत यायचा तर तेवढीच चालू खात्याची तूट सोसावी लागते. रेगन यांचे आर्थिक सल्लागार मार्टिन फेल्डस्टाइन हे उघडपणे सांगत होते. अर्थमंत्री डोनाल्ड रीगन यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते महाग डॉलर म्हणजे जगाने अमेरिकेवर दाखवलेला विश्वास. माझ्या मते फेल्डस्टाइन यांची बाजू जास्त भक्कम होती, निदान १९८४च्या मध्यापर्यंत.

घराबाहेर हे बिल लॅटिन अमेरिकेने भरले. मेक्सिकोसारख्या देशांनी १९७०च्या दशकात डॉलरमध्ये, बदलत्या व्याजदराने कर्जे घेतली होती. व्याज चढले आणि ते ज्या चलनात फेडायचे तेही महाग झाले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते भरता येत नाहीत असे जाहीर केले.

‘१९८४च्या मध्यापर्यंत’ असे म्हणण्याचे कारण आहे. जून १९८४ नंतर अमेरिकी व्याजदर उतरू लागले. वरच्या हिशेबाप्रमाणे डॉलरही उतरायला हवा होता. उलट तो पुढच्या आठ महिन्यांत मार्कच्या तुलनेत आणखी वीस टक्क्यांच्या आसपास चढला. व्याजाच्या फरकाने हे समजावता येत नाही. चढतोय म्हणून घ्यायचा आणि घेतात म्हणून चढतोय, असा तो प्रकार होता. मार्च १९८५ पासून डॉलर घसरू लागला. २२ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी तो आणखी खाली आणायचे ठरवले, तेव्हा घसरण आधीच चालू होती. चलन आणि व्याजदर विरुद्ध दिशांना जाऊ लागले, की समजावे की आता दुसरेच काहीतरी चाललेय.

तेच ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये दिसले, मात्र उलट्या बाजूने. २२ तारखेला बँक ऑफ इंग्लंडने दर वाढवून २.२५ टक्के केला. २३ तारखेला लिझ ट्रस सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार हे न सांगता आणि स्वतंत्र अंदाज न मांडता. कागदावर हेच मिश्रण. रोख्यांवरचा परतावा अपेक्षेप्रमाणे उसळला, पण पौंड चढायच्या ऐवजी २६ तारखेला १.०३ डॉलरपर्यंत कोसळला. जास्त व्याज हे जास्त कमाई म्हणून पाहायचे की जास्त धोक्याची भरपाई म्हणून, हे रोखे घेणारा ठरवतो. दुसरे उत्तर मिळाले की परदेशी पैसा आत येत नाही, बाहेर जातो. त्यातच पेन्शन फंडांना तारण भरण्यासाठी घाईने दीर्घ मुदतीचे रोखे विकावे लागले आणि २८ तारखेला बँकेला ते स्वतः विकत घ्यावे लागले. १७ ऑक्टोबरला नव्या अर्थमंत्र्यांनी बहुतेक करकपात मागे घेतली. त्या दिवशी रोख्यांवरचा परतावा उतरला आणि पौंड वधारला, बँकेची दरवाढ मात्र पुढेही चालूच राहिली.