प्रायोजक पट्टी : लोगोंचा दृश्यतोल

प्रायोजक पट्टीवर शेजारी शेजारी बसणारे वेगवेगळ्या आकारांचे लोगो लहानमोठे करून ते सारख्याच ठळकपणे दिसतील आणि एका ओळीत उभे वाटतील अशी जुळणी करण्याच्या कामाला दृश्यतोल साधणे म्हणतात. दिवाळी पहाटेचा बॅकड्रॉप, संमेलनाची पत्रिका, मॅरेथॉनचा टी-शर्ट, संस्थेच्या संकेतस्थळाचा तळ, जिथे 'सौजन्य' किंवा 'सहप्रायोजक' असे लिहून खाली चार-पाच लोगो मांडायचे असतात तिथे हे काम येते. मुख्य प्रायोजकाला मोठी जागा देणे हा व्यवहाराचा भाग झाला. इथे प्रश्न आहे तो एकाच दर्जाच्या प्रायोजकांचा. त्यांनी सारखेच पैसे दिलेले असतात आणि पट्टीवर आपण शेजाऱ्यापेक्षा लहान दिसतो, हे त्यांच्या लगेच लक्षात येते.

सगळ्या लोगोंची उंची सारखी करावी, ही पहिली कल्पना बहुतेकांना सुचते. कोरलड्रॉमध्ये ते दोन मिनिटांत होतेही. पण लांबट अक्षरलोगोची रुंदी उंचीच्या सहा-सातपट असते, तर गोल बोधचिन्हाची तिच्याइतकीच. समजा, तीन मीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच पट्टीवर पाच लोगो बसवायचे आहेत : नुसत्या अक्षरांतले सहकारी बँकेचे नाव (रुंदी-उंचीचे गुणोत्तर 6.25), सराफाचे गोल बोधचिन्ह (1), दूध संघाचा भरीव लाल चौकोन (1.44), बिल्डरचा बारीक रेषांचा उभा मनोरा (0.64) आणि वृत्तपत्राचे देवनागरी शीर्षक (4). प्रत्येकाला 12 सेंटिमीटर उंची दिली, तर बँक 75 सेंटिमीटर पसरते आणि मनोऱ्याला जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर मिळतात. क्षेत्रफळात पाहिले तर बँकेला बिल्डरच्या जवळजवळ दहापट जागा. रुंदी सारखी केली की अन्याय उलटा फिरतो. 30 सेंटिमीटर रुंदीला बँक पाच सेंटिमीटरहून कमी उंचीची पट्टी होते आणि मनोरा 47 सेंटिमीटरचा होऊन पट्टीबाहेर जातो.

म्हणून सुरुवात क्षेत्रफळापासून करावी. प्रत्येक लोगोभोवतीच्या चौकटीचे क्षेत्रफळ सारखे ठेवायचे. गुणोत्तर r आणि ठरवलेले क्षेत्रफळ A असेल, तर रुंदी आणि उंची अशी निघते :

```
w = sqrt(A * r)
h = sqrt(A / r)
```

A 400 चौरस सेंटिमीटर धरले की बँक 50 × 8, सराफ 20 × 20, दूध संघ 24 × 16.7, बिल्डर 16 × 25 आणि वृत्तपत्र 40 × 10 असे आकडे येतात. हे गणित कागदावरही होते. फक्त त्याआधी फाइल साफ करावी लागते आणि नेमकी हीच पायरी घाईत राहून जाते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपीजीभोवती पांढरी कड असते. कोरलच्या फाइलमध्ये लोगोमागे न दिसणारा पांढरा आयत दडलेला असतो. मापे घेताना सॉफ्टवेअर ती कडही धरते, त्यामुळे लोगो हिशेबात बरोबर आणि पट्टीवर बारका, असा प्रकार होतो. कोरलड्रॉमध्ये `View > Wireframe` केले की दडलेला आयत रेषेच्या रूपात उघडा पडतो, आणि फोटोशॉपमध्ये `Image > Trim` जादा कड कापून टाकते. कोपऱ्यातले ® आणि नावाखालचे बारीक अक्षरांतले घोषवाक्यही मापातून वगळलेले बरे. छापायचे असतेच, पण लोगोचे वजन त्यावर ठरत नाही.

समान क्षेत्रफळाची पट्टी पाहिली की पहिल्या नजरेत बरी वाटते आणि मग दोन गोष्टी खटकतात. पहिली गोलाची. 20 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आपल्या चौकटीचा साधारण 78 टक्केच भाग व्यापते, चार कोपरे रिकामे राहतात. तेव्हा सराफाचे चिन्ह चौकटीपेक्षा थोडे वाढवावे लागते. वर्तुळाचेच क्षेत्रफळ 400 व्हायला व्यास साडेबावीसच्या आसपास हवा. दुसरी गोष्ट शाईच्या दाटपणाची. दूध संघाचा भरीव लाल ठोकळा आणि बिल्डरच्या केसासारख्या रेषा यांना सारखी जागा दिली, तरी ठोकळा पुढे येतो आणि मनोरा मागे सरतो.

दाटपणा मोजताही येतो. फोटोशॉपमध्ये लोगो पांढऱ्या पार्श्वभूमीवर करड्या छटांत आणून त्याची चौकट निवडायची आणि `Histogram` मधला `Mean` वाचायचा. 255 म्हणजे कोरा कागद, 0 म्हणजे गच्च काळा. ठोकळ्याचा आकडा 70 आणि मनोऱ्याचा 230 आला, तर पहिल्यात सुमारे 73 टक्के शाई आहे आणि दुसऱ्यात दहा. आता शाई सारखी करायला गेलो, तर मनोऱ्याला ठोकळ्याच्या सातपटीहून जास्त जागा द्यावी लागेल, आणि ते सरळसरळ हास्यास्पद दिसेल. बाह्यरेषेने वेढलेली मोकळी जागाही डोळा आकृतीचाच भाग समजतो. शाईचा आकडा म्हणून दिशा दाखवण्यापुरता घ्यावा. दाट लोगो दहा ते पंधरा टक्के लहान आणि विरळ लोगो तेवढाच मोठा करणे पुरते. त्यापुढे गेले की दुरुस्तीच नजरेत भरू लागते. आपल्या उदाहरणात दूध संघ 20.8 × 14.4 वर येतो आणि बिल्डर 17.6 × 27.5 वर जातो.

क्षेत्रफळाच्या नियमाची खरी अडचण टोकाच्या आकारांत आहे. बँकेचे नाव आठ सेंटिमीटर उंचीचे झाले. पत्रिकेवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर त्याच प्रमाणात ते लहान होते आणि सगळ्यांत आधी तेच वाचता येईनासे होते. शिवाय अनेक संस्था आपल्या ब्रँडच्या नियमावलीत लोगोची किमान उंची लिहून देतात, ती मोडून चालत नाही. अशा वेळी वर्गमुळाऐवजी किंचित मोठा घातांक घेतात :

```
w = 20 * r^0.6
h = w / r
```

यातले 20 हे 400 चे वर्गमूळ. 0.6 च्या जागी 0.5 हा घातांक समान क्षेत्रफळ देतो, 1 घेतला की समान उंची आणि 0 घेतला की समान रुंदी. म्हणजे तिन्ही पद्धती एकाच सूत्रात बसतात, आणि मधे कुठे थांबायचे ते पट्टी पाहून ठरवायचे. 0.6 ला बँक सुमारे 60 × 9.6 होते आणि मूळचा मनोरा 15.3 × 23.9. बँकेला यात जागा थोडी जास्त मिळते, पण तिचे नाव वाचता येते. माझ्या मते 0.5 ते 0.65 यांच्या बाहेर जायची वेळ क्वचितच येते. आली, तर लोगोचीच दुसरी आवृत्ती मागवावी. बहुतेक मोठ्या संस्थांकडे आडवा आणि उभा असे दोन्ही लोगो तयार असतात, पण न मागता ते कोणी पाठवत नाही.

आकार ठरले की ओळ. सगळ्या चौकटींचे मध्य एका आडव्या रेषेवर आणणे ही सुरुवात, आणि लॅटिन अक्षरांच्या साध्या लोगोंना ती बऱ्याचदा पुरते. देवनागरी लोगोंना पुरत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, आणि यातले काय किती असेल ते नावावर अवलंबून. वृत्तपत्राच्या दहा सेंटिमीटर उंच शीर्षकात वरचे तीन सेंटिमीटर वेलांटीचे असतील आणि उकार नसेल, तर अक्षरांचे मुख्य अंग खालच्या सातात असते. त्या अंगाचा मध्य चौकटीच्या मध्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली पडतो, म्हणून चौकट मध्यावर ठेवली की शीर्षक ओळीतून घसरल्यासारखे दिसते. पण अख्खे दीड सेंटिमीटरही उचलू नये, कारण शिरोरेषा स्वतः जड असते आणि अंगाचे वजन वरच्या बाजूला ओढते. सुमारे एक सेंटिमीटर वर घेतले की ते स्थिर होते. नावात उकार किंवा ऋकार असेल, तर हा हिशेब नव्याने करावा लागतो. डाव्या बाजूला चिन्ह आणि उजवीकडे नाव अशा जोडलोगोत मात्र चिन्ह मोठे असेल, तर त्याचाच मध्य धरावा.

मोकळी जागा लोगोंच्या कडांमध्ये मोजायची, मध्यांमध्ये नाही. मध्यांतली अंतरे सारखी केली की लांबट बँक शेजाऱ्याला चिकटते आणि दोन लहान चिन्हांमध्ये मैदान पडते. आपल्या पट्टीत पाचही रुंद्यांची बेरीज 150.9 येते. दोन्ही टोकांना 25-25 सेंटिमीटर सोडले की 99.1 उरतात, म्हणजे चार फटींत प्रत्येकी 24.8. गोल चिन्हाच्या दोन्ही बाजूंच्या फटी कडेच्या वक्रतेमुळे मोठ्या भासतात. त्या एखादा सेंटिमीटर कमी करून तो बाकीच्या फटींत वाटून द्यावा. संकेतस्थळावर आकार प्रत्येक लोगोच्या गुणोत्तरावरून थेट काढता येतो :

```css
.logos { display: flex; flex-wrap: wrap;
  align-items: center; gap: 2rem; }
.logos img { width: calc(7rem * sqrt(var(--r)));
  height: auto; }
```

इथे `--r` ची किंमत प्रत्येक चित्राला वेगळी लिहावी लागते, आणि देवनागरी शीर्षकासारखा अपवाद `transform: translateY()` ने हाताने सरकवावा लागतो. पंधरा-वीस लोगो दोन-तीन ओळींत असतील, तर सारख्या फटींचा हट्ट सोडून सारखे कप्पे करावेत, कारण मग खाली-वर स्तंभ जुळलेले दिसणे जास्त महत्त्वाचे ठरते.

रंगांचाही वाटा असतो. पांढऱ्यावर फिकट पिवळा लोगो हलका पडतो, आणि गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा लोगो तेवढ्याच मापाच्या, पांढऱ्यावरच्या काळ्या लोगोपेक्षा मोठा दिसतो. सगळे लोगो एकाच रंगात घेतले तर अर्धे भांडण मिटते, पण परवानगीशिवाय लोगोचा रंग बदलणे बहुतेक नियमावल्यांत मना असते. मागच्या पांढऱ्या चौकोनासकट गडद फ्लेक्सवर चिकटवलेला लोगो हा सगळ्यात वाईट प्रकार. तिथे वजन लोगोचे राहत नाही, त्या पांढऱ्या ठिगळाचे होते.

तपासणीसाठी पट्टी करड्या छटांत आणून तिच्यावर `Gaussian Blur` इतका द्यावा की नावे वाचता येणार नाहीत. उरलेल्या डागांत एखादा बाकीच्यांपेक्षा काळा किंवा अगदीच पुसट दिसला, तर तो लोगो कमी-जास्त करायचा. नंतर पट्टी उलटी करून पाहावी, म्हणजे ओळखीची नावे आड येत नाहीत आणि घसरलेली ओळ दिसते. शेवटी लोगोंच्या जागा आपसांत बदलून पाहाव्यात. मनोरा ठोकळ्याशेजारी उभा असेल, तर तो आणखी फिका वाटतो. दोघांमध्ये बँकेचे नाव घातले की तीच मापे चालून जातात.

प्रायोजकाचा माणूस मात्र फूटपट्टी घेऊन येतो आणि उंचीच मोजतो. आपली बँक आठ सेंटिमीटर आणि शेजारचा मनोरा साडेसत्तावीस, हे त्याला पटवणे अवघड जाते. म्हणून आयोजक समितीने पट्टी पाठवतानाच सोबत प्रत्येक लोगोच्या क्षेत्रफळाचा तक्ता जोडावा आणि वापरलेला नियम एका ओळीत लिहावा. ठोकळा कमी केला असेल, तर तेही त्यात यावे. छपाईला जाण्याआधी त्या तक्त्यावर सगळ्यांची सही घेतलेली बरी, कारण फ्लेक्स एकदा छापला की बदल म्हणजे नवा फ्लेक्स.